‘आजारी’ नको, ‘कॅन्सर’ म्हणा

इंग्लंडमधल्या रीडिंगहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. अडतिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला, दुसऱ्या टप्प्यातला. आधी किमो, मग ऑपरेशन. दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे सहा डोस, पहिला येत्या मंगळवारी. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे आणि मे महिन्यात तिची सॅट्स परीक्षा आहे. मुलगा सहा वर्षांचा.

त्या लिहितात, “ताई, मुलांना अजून काही सांगितलेलं नाही. आई थोडी आजारी आहे, एवढंच म्हटलंय. ह्यांचं म्हणणं मोठीची परीक्षा होऊ दे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, तो शब्दसुद्धा घरात उच्चारू नका, वास्तू तथास्तु म्हणत असते. धाकट्याला तर काय कळणार?”

वयाने तू माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून तुला ‘तू’च म्हणते. पत्र वाचून पोटात तुटलं. इथे सख्खं कुणी जवळ नसताना ते निदान ऐकून घरी यायचं, आल्या आल्या डबे भरायचे, हे काय असतं ते मला माहीत आहे. पण रागावतेही. मुलांना तू काही सांगितलं नाहीस असं तुला वाटतंय. सांगितलं आहेस, फक्त चुकीचा शब्द दिलास.

‘आजारी’ हा शब्द तुमच्या घरात कुठे कुठे वापरतात ते आठव. धाकट्याला सर्दी झाली की तो आजारी. शाळा बुडवली, आजारी. पुण्याचे आजोबा गुडघ्याने आजारी. आता आईही आजारी, आणि तीन आठवड्यांत तिचे केस गळायला लागणार. सहा वर्षांचं पोर यातून काय शिकेल? आजारी पडलं की केस जातात. पुढच्या वेळी त्याला ताप येईल तेव्हा ते उशीवर स्वतःचे केस शोधत बसेल. ‘कॅन्सर’ हे वेगळं नाव दिलंस की तो आजार सर्दीपासून सुटा होतो. मुलांना नावाची भीती वाटत नाही, ती आपल्याला वाटते. त्यांना त्या शब्दाचा आपल्यासारखा इतिहास नाही.

माझा आहे. मी नऊ वर्षांची असताना सांगलीत वडिलांच्या तोंडात जखम झाली आणि भरेना. मोठी माणसं दबक्या आवाजात म्हणायची, “त्यांना टाटाला नेलंय.” मुंबईतलं परळचं टाटा हॉस्पिटल हे महाराष्ट्रात त्या आजाराचं दुसरं नावच होतं, पण मला ते कुणी सांगितलं नाही. मला टाटा म्हणजे हात हलवून करतात तो एवढाच माहीत. वडील निघाले तेव्हा मी रिक्षाजवळ उभी राहून टाटा केला होता. पुढे कितीतरी दिवस मी कुणालाच हात हलवला नाही. आपण टाटा केला म्हणून माणूस टाटाला जातो, असं मी पक्कं धरून चालले होते. वडील परत आले नाहीत, आणि ही समजूत खोडून काढायला कुणी नव्हतं, कारण ती आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

धाकट्याला काय कळणार, असं विचारतेस ना? चार ते सात-आठ वर्षांच्या मुलांना कारणं जोडायची सवय असते आणि प्रत्येक कारणाच्या मध्यभागी ती स्वतः असतात. त्यात आपल्या मराठी घरांतलं बोलणं बघ. “किती छळशील, डोकं दुखायला लागलं माझं.” “तू जेवला नाहीस तर आई आजारी पडेल.” हे आपण प्रेमाने आणि वैतागून, दोन्ही प्रकारे म्हणतो. मग आई खरोखर आजारी पडते. त्याच्या लेखी हिशेब पुरा झाला.

माझ्या मिस्टरांना 2009 साली आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा मी, एवढं सगळं भोगलेली, तीच चूक केली. बारा वर्षांच्या मुलाला सांगितलं, सात वर्षांच्या मुलीला नाही. महिन्याभरात तिच्या शिक्षिकेने मला बोलावून तिचे हात दाखवले. बोटांच्या पेरांवर भेगा, रक्त. ती प्रत्येक तासानंतर हात धुवायला जायची. निदानाच्या दोन आठवडे आधी तिला उलट्यांचा त्रास झाला होता आणि बाबांनी तिची बादली धरली होती. त्यांना पोटाचं काहीतरी झालंय हे तिने दाराआडून ऐकलं आणि ते आपल्याकडून गेलं असं ठरवून टाकलं. त्या संध्याकाळी मी नाव घेऊन सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न होता, “मग ते माझ्या उलटीमुळे नाही?” दोन-तीन आठवड्यांत हात धुणं आपोआप कमी झालं. डॉक्टरकडेही न्यावं लागलं नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी सांग, नाश्ता झाल्यावर. रात्री झोपताना सांगू नकोस, अंधारात प्रश्न मोठे होतात. दोघांना एकत्र बसव, म्हणजे कुणाला काय ठाऊक हे गुपित भावंडांमध्ये राहणार नाही. मोठीशी नंतर निराळं बोल. नवऱ्यालाही शेजारी बसव. धाकट्याच्या हातात खेळणी असू देत. तो मध्येच उठून गेला तर जाऊ दे, ऐकत असतो.

मराठीत की इंग्रजीत, याचा घोळ घालू नकोस. ज्या भाषेत तो रडतो त्या भाषेत सांग. कॅन्सर आणि किमो हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत, शाळेतही त्याच्या कानावर तेच पडणार आहेत.

साधारण असं म्हण: “आईच्या छातीत एक गाठ आली आहे. तिला ब्रेस्ट कॅन्सर म्हणतात. शरीरातल्या काही पेशी चुकीच्या वाढायला लागल्या की ती गाठ होते. तुझ्या वागण्यामुळे, बोलण्यामुळे, मनात काही आल्यामुळे ती झालेली नाही. ती सर्दीसारखी एकाची दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे मांडीवर बसायचं, पापी घ्यायची, सगळं चालतं. मंगळवारपासून आईला किमो नावाचं औषध देणार आहेत. भराभर वाढणाऱ्या पेशींना ते मारतं. केसांची मुळंही भराभर वाढतात, म्हणून केस गळतील. औषध थांबलं की परत येतील. मंगळवारी तुला शाळेतून बाबा आणतील.” एवढं पुरे. मुलांच्या मनात तीन प्रश्न असतात: माझ्यामुळे झालं का, मला होईल का आणि माझं कोण करणार. पहिल्यांदा बोलताना या तिन्हींची उत्तरं गेली पाहिजेत. मग त्याला विचार, “आता आजीला फोनवर काय सांगशील?” तो जे सांगेल त्यात काय चुकीचं शिरलंय ते लगेच दिसतं.

बदल दिसण्याआधी सांगायचा, दिसल्यावर नाही. केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुटू लागतात, म्हणजे पहिल्या आठवड्यातच त्याला सोबत घेऊन टोपी आण. तुझ्या औषधांत एपिरुबिसिन लिहिलंय. ते लाल असतं आणि त्यानंतर दिवसभर लघवीही लालसर होते. ते त्याला रक्त वाटू नये म्हणून आधीच सांगून ठेव.

सगळ्यात महत्त्वाची तयारी तापाच्या रात्रीची. डोसनंतर साधारण आठवड्याने पांढऱ्या पेशी खाली येतात. तेव्हा थर्मामीटर 37.5 डिग्री किंवा जास्त दाखवू लागला तर रात्रीचे दोन वाजले तरी वॉर्डाच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करायचा आणि बहुधा लगेच निघायचं. मुलं सकाळी उठतात तेव्हा आई नसते, आणि यातून जी भीती बसते ती केसांच्या भीतीपेक्षा कितीतरी खोल असते. म्हणून आधी सांग: “ताप आला तर आईला रात्रीसुद्धा हॉस्पिटलात जावं लागेल. हे ठरलेलं आहे. तेव्हा समोरच्या काकू येऊन आपल्याकडे झोपतील.” काकूंना खरोखर विचारून ठेव, किल्ली दे, आणि त्यांनी कुठे झोपायचं ते धाकट्याला ठरवू दे.

“तू मरणार का?” तो विचारेल, कदाचित गाडीत, मागच्या सीटवरून. “छे, भलतंच काय बोलतोस” म्हणून तोंड बंद करू नकोस, आणि “मला काही होणार नाही” असं वचनही देऊ नकोस. तुझ्या डॉक्टरांनी जे सांगितलंय तेच दे: “काही माणसं या आजाराने मरतात. माझा आजार बरा होईल असं डॉक्टरांना वाटतंय, आणि त्यासाठीच औषध आहे. त्यांनी वेगळं काही सांगितलं तर मी तुला सांगेन.” शेवटचं वाक्य पाळावं लागेल. ते पाळलंस की तो दाराआड उभा राहणं सोडेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांची भीती खोटी नाही, मायेची आहे. पण वास्तूपुरुषाआधी घरात मुलं ऐकत असतात, आणि फोन स्पीकरवर असतो. आपली मुलं मराठी बोलायला लाजतात म्हणून त्यांना ते समजत नाही, असं धरून चालू नये.

परीक्षेसाठी मोठीला थांबवणंही मला पटत नाही. तिला काहीतरी कळलंच असेल, आणि एकटीने कळलं तर ती फोनवर शोधेल आणि तुझ्या टप्प्याचं नसलेलं काहीतरी वाचेल. तिला खरा अहवाल सोप्या शब्दांत सांग. ती एकदम शहाणी झाली, भांडी घासायला लागली, तर कौतुक करून थांबू नकोस. मुलं घाबरली की अशीही शहाणी होतात. तिचं नृत्य आणि मैत्रिणी चालू राहू देत. शाळेला सोमवारीच ईमेल कर, दोघांच्या शिक्षकांना, आणि घरी वापरलेले शब्द नेमके कळव. वर्गात कांजिण्या आल्या तर तुला त्याच दिवशी कळवा, हेही लिही, म्हणजे तू वॉर्डाला विचारू शकशील.

पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, शाळेला जायला रडणं हे सुरुवातीला होईल. काही आठवड्यांनीही तसंच राहिलं किंवा वाढलं, तर जीपीला सांग. तुझ्या ब्रेस्ट केअर नर्सला मुलांविषयी थेट विचार. मॅकमिलन या कॅन्सर संस्थेच्या फोनवर आणि कॅन्सरच्या रुग्णांसाठीच्या मॅगीज केंद्रांत पालकांशी याच विषयावर बोलतात, पैसे लागत नाहीत.

बाकीचे तुझे प्रश्न. मुलांना दोन महिने पुण्याला पाठवू का? नको. दूर गेल्यावर ती कल्पनेनेच आजार पाहतील. सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर येत असतील तर जरूर येऊ देत, पण शनिवारचं बोलणं त्या येण्याआधी झालेलं असू दे. मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं की नाही ते तू ठरव. एका विश्वासाच्या बाईला सांग, जेवणाचे डबे ती लावेल. हळद-दुधाचं आणि गोमूत्राचं तुझ्या डॉक्टरांनाच विचार.

शनिवारी धाकटा कदाचित सगळं ऐकून फक्त विचारेल, “मी आता बाहेर खेळू?” त्याला जाऊ दे. रविवारी किंवा बुधवारी, अंघोळ घालताना, तो पुढचा प्रश्न घेऊन येईल.