चार सरासऱ्यांच्या फोटोवरून निष्कर्ष लिहिताना

प्रश्न: दोन बाय दोन फॅक्टोरियल प्रयोगाच्या टेबलचा फक्त फोटो आहे माझ्याकडे, त्यात चार सेलच्या सरासऱ्या. लॅब रिपोर्टचा निष्कर्ष कसा लिहू? कडेच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्याच आहेत, तर 'दोन्ही घटकांचा परिणाम दिसला नाही' असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. हे ठासून सांगते, कारण नेमकं हेच वाक्य आमच्या गटाच्या रिपोर्टात गेलं होतं आणि त्यावरून माझं नि माझ्या लॅब पार्टनरचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

प्रयोग स्मरणाचा होता. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचायचा, अर्ध्यांनी शांत खोलीत आणि अर्ध्यांनी गोंगाटाचं रेकॉर्डिंग ऐकत. मग त्यावर २० गुणांची चाचणी, तीही अर्ध्यांची शांततेत आणि अर्ध्यांची गोंगाटात. चार गट, प्रत्येकात १२ जण, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. आकडेमोडीचा कागद प्रयोगशाळेत लावला होता. पार्टनरने मोबाइलवर त्याचा तिरका फोटो काढला, आणि आम्ही दोघं त्या फोटोवरून लिहायला बसलो. त्यात हे होतं:

| | चाचणी शांततेत | चाचणी गोंगाटात | कडेची सरासरी |
|---|---|---|---|
| अभ्यास शांततेत | १४.२ | १०.६ | १२.४ |
| अभ्यास गोंगाटात | १०.२ | १३.४ | ११.८ |
| कडेची सरासरी | १२.२ | १२.० | |

पार्टनरने कडेचे आकडे बघितले. १२.४ आणि ११.८, १२.२ आणि १२.०. "फरकच नाही, गोंगाटाचा काही परिणाम नाही," म्हणाला आणि लिहून मोकळा झाला. मी म्हटलं, आतले चार आकडे वाच. शांततेत परीक्षा दिली, तर शांततेत अभ्यास केलेले ४ गुणांनी पुढे आहेत. गोंगाटात परीक्षा दिली, तर तेच २.८ गुणांनी मागे आहेत. गोंगाटाचा परिणाम भरपूर आहे, फक्त एका स्तंभात तो एका दिशेला जातो आणि दुसऱ्यात उलट्या. सरासरी काढली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. कडेची सरासरी 'परिणाम नाही' असं सांगतच नाही. 'चाचणी कुठे झाली हे विसरलं, तर उरणारा परिणाम लहान आहे' एवढंच ती सांगते.

यालाच इंटरॅक्शन म्हणतात, आणि चार आकड्यांवरून ती मोजायला तीन वजाबाक्या पुरतात. वरच्या ओळीतला फरक १४.२ − १०.६ = ३.६. खालच्या ओळीतला १०.२ − १३.४ = −३.२. या दोन फरकांतला फरक ६.८. इंटरॅक्शन नसती तर तो शून्याच्या आसपास आला असता. आलेखावर दोन रेषा काढल्या तर त्या एकमेकींना छेदतात. असं छेदन असेल तेव्हा मेन इफेक्ट, म्हणजे कडेच्या सरासऱ्यांत दिसणारा एकेका घटकाचा परिणाम, आधी आणि ठळक लिहिणं मला चुकीचं वाटतं. नियमाप्रमाणे नोंद करा, पण निष्कर्षाचं पहिलं वाक्य इंटरॅक्शनचं हवं.

मी लिहिलेला निष्कर्ष असा होता: "अभ्यासाच्या आणि चाचणीच्या वातावरणात आंतरक्रिया आढळली. दोन्ही वेळी वातावरण सारखं असताना गुण जास्त होते (१४.२ आणि १३.४), वेगळं असताना कमी (१०.६ आणि १०.२). त्यामुळे अभ्यासावेळच्या गोंगाटाचा परिणाम चाचणीच्या वातावरणाचा उल्लेख केल्याशिवाय सांगता येत नाही." पार्टनरचं म्हणणं, हे फार पसरट आहे, तपासणाऱ्याला एका ओळीत उत्तर हवं असतं. शेवटी त्याचं वाक्य वर आणि माझं खाली, असा रिपोर्ट गेला. तपासणाऱ्यांनी माझा परिच्छेद लाल रेघेने खोडला आणि बाजूला लिहिलं, 'मेन इफेक्ट नाही, मग कथा कशाला?'

मला आजही ते पटत नाही. मेन इफेक्ट नसेल तर इंटरॅक्शन बघायचीच नाही, असा कोणताही नियम नाही. दोन मेन इफेक्ट आणि इंटरॅक्शन, या तिन्ही तपासण्या स्वतंत्र असतात. गॉडन आणि बॅडली यांचा १९७५ चा पाण्याखाली पोहणाऱ्या डायव्हर लोकांवरचा प्रयोग बघा. जमिनीवर शब्द पाठ करून जमिनीवरच आठवले तर सरासरी १३.५, पाण्याखाली पाठ करून पाण्याखालीच आठवले तर ११.४. जागा बदलली की ८.६ आणि ८.४. ज्यासाठी तो प्रयोग शिकवला जातो ती गोष्ट आतल्या चार सेलमध्ये आहे, कडेला नाही.

आता तुमच्या फोटोबद्दल. आधी ओळी कुठल्या घटकाच्या आणि स्तंभ कुठल्या, हे नक्की करा. दोन्हीकडे 'शांत/गोंगाट' अशीच लेबलं असली आणि वरचा मथळा फोटोत कापला गेला असला, तर अदलाबदल सहज होते. अशा अदलाबदलीने इंटरॅक्शनचा आकडा बदलत नाही, पण मेन इफेक्ट एकमेकांच्या नावावर जातात. म्हणजे ६.८ बरोबर आला म्हणून टेबल बरोबर वाचलंय असं समजू नका. मग आतल्या आकड्यांची सरासरी काढून कडेच्या आकड्याशी जुळवा. तिरक्या फोटोत ४ चा १ दिसतो. १४.२ ऐवजी ११.२ वाचलं असतं, तर वरच्या ओळीची सरासरी १०.९ आली असती आणि छापलेल्या १२.४ शी जुळली नसती. सगळे आकडे स्पष्ट दिसत असूनही जुळत नसतील, तर गटांतली माणसं कमी-जास्त असण्याची आणि कडेची सरासरी त्या संख्येनुसार काढलेली असण्याची शक्यता मोठी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. फक्त चार सरासऱ्यांवरून 'लक्षणीय' हा शब्द लिहिता येत नाही. त्यासाठी प्रत्येक गटातली संख्या आणि प्रमाण विचलन लागतं, आणि फोटोत तळाची ती ओळच कापली जाते. आमच्या कागदावर प्रमाण विचलन सगळीकडे ३ च्या जवळपास होतं. त्यावरून इंटरॅक्शनचा F(१, ४४) साधारण १५.४ येतो, तर ५ टक्के पातळीला सुमारे ४.१ पुरतो. अभ्यासाच्या वातावरणाचा F ०.५ च्याही खाली राहतो. पण तेच विचलन ८ असतं, तर इंटरॅक्शनचा F २.२ वर आला असता आणि माझ्या निष्कर्षातलं 'आढळली' मला काढावं लागलं असतं.

तुमच्या टेबलात रेषा छेदत नसतील, नुसत्या कमी-जास्त तिरक्या असतील, तर आणखी जपून लिहा. एका गटाचे गुण कमाल गुणांना टेकले असतील तर तिथला फरक आपोआप दबतो आणि इंटरॅक्शनचा भास होतो. पार्टनर वादात हा मुद्दा काढायचा. मुद्दा म्हणून तो बरोबर आहे, पण आमच्या २० गुणांच्या चाचणीत सर्वांत वरची सरासरी १४.२ होती आणि रेषा सरळ एकमेकींना ओलांडत होत्या, तिथे तो लागू पडत नव्हता.

तळाची ओळ कुणाकडे असेल तर ती आजच मागून घ्या. नाहीच मिळाली, तर 'सरासऱ्यांचा आकृतिबंध इंटरॅक्शनकडे निर्देश करतो, सांख्यिकीय तपासणी उपलब्ध आकड्यांवरून करता आली नाही' असं लिहा आणि चारही आकडे निष्कर्षात द्या.