माकडहाडावरचा काळसर डाग

"आजी (७६) लकव्यामुळे दीड महिन्यापासून अंथरुणावर आहे. माकडहाडाजवळ रुपयाएवढा काळसर-जांभळा डाग दिसतोय, कातडी फुटलेली नाही. शेजारचे म्हणतात तेल लावून चोळा आणि पावडर टाका. नक्की काय करावं?"

चोळू नका. आज रात्रीपासून आजीला त्या डागावर झोपवूही नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी परभणीला सर्जिकल वॉर्डात चौदा वर्षं सिस्टर आहे. तरीही माझ्या स्वतःच्या सासूबाईंना माझ्याच घरात बेडसोअर झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्यांचा डागही तुमच्या आजीसारखाच होता, माकडहाडावर रुपयाएवढा आणि जांभळट. कातडी शाबूत असल्यामुळे नणंदेला वाटलं की बाजेची सुंभं रुतली असतील. मी ड्यूटीवरून येऊन हात लावला तर आजूबाजूच्या कातडीपेक्षा तो भाग गरम होता आणि पिकलेल्या आंब्यासारखा दबत होता. नवव्या दिवशी तिथली कातडी सुटली आणि आत तळहाताएवढी जखम निघाली. बेडसोअर नेहमी वरूनच आत जातो असं नाही, पुष्कळदा आतून वर येतो. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि आधी मरतं ते हाडाजवळचं मांस. कातडीवर डाग दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. तिथे चोळलं की मरायला टेकलेलं मांस आणखी फाटतं.

डाग कोणता आहे हे बोटाने कळतं. दाबून बोट उचला. जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून फिरतंय आणि दाब काढला की ती जागा सुधारते. दाबूनही रंग तसाच राहिला, तर बेडसोअर सुरू झालाय. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून डोळ्यांपेक्षा हाताच्या मागच्या बाजूवर भरवसा ठेवा. गरम किंवा गार लागणं, घट्ट होणं, पिचपिचीत होणं आणि आजीने तिथे हात लावू न देणं, या खुणा आहेत. तुम्ही जांभळा म्हणताय, म्हणून हा डाग दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवाच. कूस बदलताना रोज दोन्ही टाचा, खुबे, घोटे, डोक्याची मागची बाजू आणि कानही बघत जा.

आता कूस. दिवसा दर दोन तासांनी ती बदलायची. पण डाग माकडहाडावर असल्यामुळे पाठीवर झोपवणं सध्या बंद, फक्त डावी आणि उजवी. लकव्याच्या बाजूवर कमी वेळ ठेवा, कारण तिथे दुखलेलं त्यांना कळणार नाही. वळवताना तो हात ओढू नका, खांदा निखळतो. पूर्ण आडवी कूस करू नका, त्यात सगळा भार खुब्यावर येतो आणि दुसरी जखम तयार होते. थोडंसंच तिरपं, सुमारे ३० अंशांत झोपवायचं आणि पाठीमागे उशी किंवा गुंडाळलेली गोधडी लावायची. भार नितंबाच्या मांसल भागावर आला पाहिजे. बरोबर झालं की नाही हे बघायला माकडहाडाखाली तळहात सरकवा. हात सहज गेला तर ठीक, अडकला तर उशी आणखी आत घ्या. पोटऱ्यांखाली लांब उशी ठेवा, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. तिथेही हात घालून बघा.

सरकवताना दोघांनी मिळून खालच्या चादरीसकट उचला. काखेत हात घालून ओढलं की कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे जातं आणि मधलं मांस पिळवटतं. डोक्याखाली उशांचा ढीग लावून दिवसभर अर्धवट बसवलं तरी हेच होतं, कारण माणूस हळूहळू खाली घसरत राहतो. जेवताना मात्र नीट बसवा, आधी गुडघ्यांखाली उशी द्या, आणि जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने उशा कमी करा.

बाज असेल तर आजच बदला. ती मध्ये झोळ धरते आणि कंबर नेमकी त्याच झोळात जाते. एअर मॅट्रेस घेतलीत तर तिच्यावर वाकळ अंथरू नका, एक पातळ सुती कापड पुरे. जुनं लुगडं त्यासाठी फार चांगलं. आमच्याकडे वीज जायची तेव्हा मॅट्रेस बसायची आणि सासूबाई तासन् तास फळीवर झोपल्यासारख्या असायच्या, हे मला उशिरा लक्षात आलं. वीज गेली की हात घालून बघा. आणि मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते. मधे भोक असलेली रबरी चकती दुकानदार आवर्जून देतो, ती घेऊ नका. तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी अडतो.

आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे घाम, त्यात डायपर. ओली कातडी लवकर फाटते. डायपर ओला झाला की लगेच काढा, कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा, पुसू नका, आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. पावडरीचे घामाने खडे होतात आणि तेच घासतात.

कातडी फुटलीच तर ड्रेसिंग असं: हात धुवायचे, जुनं ड्रेसिंग चिकटलं असेल तर नॉर्मल सलाइनने भिजवून काढायचं आणि त्याच सलाइनने सिरिंजमधून जखम धुवायची. हळद, कॉफी, गोळ्यांची पूड, हायड्रोजन पेरॉक्साइड काहीही नाही. फेस आला की स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण त्यात नवीन येणारं मांसही जळतं. मग सलाइनमध्ये भिजवून पिळलेला गॉज खड्ड्यात सैल ठेवायचा. ठासून भरला तर तो आतूनच दाबतो. त्यावर कोरडा गॉज आणि कागदी टेप. रोज बदलायचं, संडास लागली तर लगेच. जखम ओलसर राहिली पाहिजे, आजूबाजूची कातडी कोरडी. काळा किंवा पिवळा मेलेला थर घरी ओढून काढू नका, ते सर्जनचं काम आहे. टाचेवर घट्ट, कोरडी, काळी खपली असेल तर तिला हातच लावू नका.

आमच्या सासूबाईंचा मेलेला भाग वॉर्डात दोनदा काढावा लागला. दर रविवारी मोजपट्टी शेजारी धरून मोबाइलवर फोटो काढायचे. दोन आठवड्यांत जखम जराही लहान झाली नाही तर काहीतरी चुकतंय, हे त्यावरून कळतं. आमची एकदा अशीच थांबली. कारण जेवणात निघालं, त्या दिवसभर नुसती पेज घेत होत्या. त्यांचं वजन ४० किलो, म्हणजे दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं हवी होती. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, घट्ट वरण आणि पेजेत शेंगदाण्याचं बारीक कूट सुरू केलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. साखर असेल तर तीही तपासून घ्या. जखम भरायला पाच महिने लागले.

ताप आला, आजी गुंगीत राहू लागली, घाण वास सुटला, कडेची लाली पसरत चालली किंवा जखमेत हाड दिसलं, तर ड्रेसिंग बदलत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जाताना गाडीतही पाठीवर नाही, कुशीवरच.