पेन ड्राइव्हवर फाइल गेली, स्लाइड मात्र गेल्याच नाहीत

प्रश्न: आम्ही चार शिक्षक मिळून गुगल स्लाइड्समध्ये एक सादरीकरण करतोय. शनिवारी धडगावकडच्या एका शाळेत शिक्षण परिषदेत दाखवायचंय, आणि तिकडे नेटचा भरवसा नाही. म्हणून लॅपटॉपवरच्या ड्राइव्ह फोल्डरमधली फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, पण दुसऱ्या लॅपटॉपवर उघडेना. साइज फक्त १ केबी दिसते. आमचे एक सर म्हणतात, 'ऑफलाइन' चालू करा, बाकी काही लागत नाही. खरंच तेवढं पुरे होईल का? २८ स्लाइड आहेत, मजकूर मुक्ता फाँटमध्ये आहे, एक यूट्यूबचा व्हिडिओ आहे आणि शीटमधून आणलेला एक आलेख.

उत्तर:

ताई, तुमची फाइल बिघडलेली नाही. पेन ड्राइव्हवर जे गेलं ते मुळात सादरीकरणच नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये गुगल स्लाइड्सची फाइल `.gslides` या शेपटीने दिसते. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत `doc_id` असा एक लांबलचक क्रमांक आणि खात्याचा ईमेल एवढंच सापडेल. म्हणजे घराची किल्लीही नाही, नुसता पत्ता लिहिलेली चिठ्ठी. स्लाइड, फोटो, मजकूर सगळं गुगलच्या सर्व्हरवर आहे. अशा १ केबीच्या दहा प्रती दहा ठिकाणी ठेवल्या तरी बॅकअप एकही होत नाही. वर्षाचं काम पेन ड्राइव्हवर 'सेव्ह' करून निश्चिंत बसलेली मंडळी मी जळगाव-धुळ्यात भरपूर पाहिली आहेत, म्हणून हे आधी सांगितलं.

आता तुमच्या सरांचं म्हणणं. 'ऑफलाइन' ही सोय चांगली आहे, पण तिचं काम वेगळं. तुमच्या त्याच लॅपटॉपवर, त्याच क्रोममध्ये, त्याच खात्याने नेट नसताना फाइल उघडता यावी आणि लिहिता यावी, एवढ्यासाठी ती आहे. नेट असतानाच ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये `Offline` वर टिक करायची, नंतर सादरीकरण उघडून `File > Make available offline` निवडायचं. क्रोम किंवा एज ब्राउझर लागतो, सोबत गुगल डॉक्स ऑफलाइन हे एक्स्टेंशन लागतं, आणि इन्कॉग्निटो खिडकीत हे चालत नाही. धडगावला पोहोचल्यावर "नेट नही शे भो" असं कोणी म्हणालं की मग ही टिक करायला जाल, तर उपयोग नाही. शाळेच्या लॅपटॉपवर दाखवणार असाल तर हे सगळं त्या लॅपटॉपवर आधी करून ठेवावं लागेल. पण तो दहा जण वापरत असतील तर तिथे तुमचं खातं उघडं ठेवून ऑफलाइन चालू करू नका, कारण फाइली त्या मशीनवर साठतात.

ऑफलाइनमध्ये केलेले बदल नेट येईपर्यंत फक्त त्या ब्राउझरच्या पोटात असतात. मधल्या काळात कोणी 'लॅपटॉप हळू चालतोय' म्हणून ब्राउझिंग डेटा साफ केला, कुकीज आणि साइट डेटासकट, तर ते बदलही त्याच्याबरोबर जातात. शिवाय चौघांपैकी दोघांनी नेट नसताना एकाच चौकटीतला मजकूर बदलला, तर नेट आल्यावर गुगल दोन्ही बदल एकत्र करतं. तुमचं वाक्य कोणतं आणि सहकाऱ्याचं कोणतं, हे ते विचारत बसत नाही. त्यामुळे प्रवासात काही बदलायचं असेल तर स्लाइड आधीच वाटून घ्या. १ ते ७ एकाच्या, ८ ते १४ दुसऱ्याच्या, असं साधं वाटप पुरतं.

दुसऱ्या कुठल्याही मशीनवर, कोणाच्याही खात्याशिवाय उघडते ती खरी प्रत. ती अशी काढायची: `File > Download > Microsoft PowerPoint`, आणि लगेच पुन्हा `File > Download > PDF Document`. दोन्ही हव्यात. एक बिघडली की दुसरी कामी येते, आणि दोघी वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात.

पॉवरपॉइंटच्या प्रतीत तुम्हाला पहिला त्रास होऊ शकतो तो मुक्ताचा. गुगल स्लाइड्समधले फाँट सर्व्हरवरून येतात, डाउनलोड केलेल्या `.pptx` बरोबर ते आले तरी प्रत्येक मशीनवर लागतीलच असा भरवसा नाही. परिषदेच्या लॅपटॉपवर मुक्ता लागला नाही तर विंडोज त्याच्या जागी निर्मला किंवा मंगल असा स्वतःचा फाँट लावतो. मराठी वाचता येईल, पण अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची बदलते. मग दोन ओळींचं शीर्षक तीन ओळींचं होतं, आणि खालच्या चौकटीतली शेवटची ओळ फोटोवर चढते किंवा स्लाइडच्या बाहेर जाते. ओळखायची खूण सोपी आहे: सगळ्यात जास्त मजकूर असलेली स्लाइड उघडा, ती नीट असेल तर बाकीच्या बहुधा नीटच असतात.

उपाय दोन आहेत. गुगल फाँट्सच्या साइटवरून मुक्ता फुकट मिळतो, त्याच्या `.ttf` फाइली पेन ड्राइव्हवर ठेवून तिथल्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करा. पण परक्या शाळेच्या मशीनवर तशी परवानगी असेलच असं नाही. म्हणून दुसरा उपाय मला जास्त पटतो. मुक्ता असलेल्या तुमच्या विंडोज लॅपटॉपवर ती `.pptx` पॉवरपॉइंटमध्ये उघडा, `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` वर टिक करा आणि पुन्हा सेव्ह करा. मग फाँट फाइलबरोबरच प्रवास करतो. जाता जाता एक गोष्ट: तुमच्या चौघांपैकी कोणी जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर स्लाइडवर पेस्ट केला असेल तर तो या कशानेही सुधारणार नाही. तो युनिकोड नाही, त्यामुळे नव्याने टाइप करणं किंवा कन्व्हर्टरमधून काढणं भाग आहे.

पीडीएफमध्ये फाँटची काळजी नाही, जसं स्क्रीनवर दिसतं तसंच येतं. तिथे अडचण हालचालींची. एकेक मुद्दा क्लिकवर आणलेला असेल तर पीडीएफच्या पानावर सगळे मुद्दे एकदम दिसतात, आणि एकावर एक ठेवलेली चित्रं एकमेकांना झाकतात. बोलताना लागणाऱ्या टिपणांचीही गोष्ट तशीच. साध्या पीडीएफमध्ये ती येत नाहीत. ती हवी असतील तर `File > Print preview` मध्ये टिपणांसह एक स्लाइड हा पर्याय निवडून वेगळी पीडीएफ काढा आणि सरळ कागदावर छापून न्या.

व्हिडिओचं मात्र कुठलीच प्रत काही करू शकत नाही. यूट्यूबचा व्हिडिओ स्लाइडवर दिसतो, पण तो चालतो नेटवरच. तुमचाच किंवा शाळेचा व्हिडिओ असेल तर मूळ `.mp4` फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या स्लाइडपाशी आलात की वेगळी चालवा. दुसऱ्या कोणाचा असेल तर त्याऐवजी दोन-तीन चित्रं ठेवून तोंडी सांगणं बरं. आलेख मूळ फाइलमध्ये शीटला जोडलेला असतो, प्रतीत तो चित्र होऊन येतो. म्हणून डाउनलोडच्या आधी आलेखावर `Update` हे बटण दिसत असेल तर ते दाबा, नाहीतर वाचनस्तराचे जुने आकडे घेऊन सगळ्या केंद्रासमोर उभं राहावं लागेल.

आता चौघांचं एकत्र काम आणि प्रत यांची सांगड. प्रत काढली त्या क्षणी ती मूळ फाइलपासून तुटते. गुरुवारी रात्री तुम्ही डाउनलोड केलं आणि शुक्रवारी दुपारी एखाद्या मॅडमनी पटसंख्या दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती पेन ड्राइव्हवर नाही. हे टाळायला वेळ ठरवा. समजा, गुरुवारी रात्री ९ नंतर कोणी काही बदलायचं नाही. त्या वेळी तुम्ही `File > Version history > Name current version` मध्ये जाऊन 'परिषद अंतिम' असं नाव द्या. फाइलचे मालक तुम्ही असाल तर बाकी तिघांना तात्पुरतं संपादक वरून 'Commenter' करा. मग सूचना येतील, पण स्लाइड हलणार नाही. त्यानंतर प्रती काढा आणि फाइलच्या नावात तारीख घाला.

नाव देण्याचं कारण असं की विनानावाच्या जुन्या आवृत्त्या गुगल कधीकधी एकत्र करून टाकतं, आणि नेमकी हवी ती सापडत नाही. कोणाकडून एखादी स्लाइड चुकून उडाली, तर सरळ जुनी आवृत्ती `Restore` करण्याची घाई करू नका, कारण त्यानंतरचं सगळ्यांचं काम पडद्याआड जातं. त्याऐवजी त्या आवृत्तीच्या तीन ठिपक्यांतून `Make a copy` करा आणि हवी ती स्लाइड तेवढी कॉपी करून चालू फाइलमध्ये आणा.

फाइल कोणाच्या खात्यावर आहे तेही बघून ठेवा. संपादकाने आपल्या ड्राइव्हमधून काढली तर फक्त त्याच्याकडून जाते. पण मालकाने ट्रॅशमध्ये टाकली तर ३० दिवसांनी ती सगळ्यांसाठीच संपते. बदली झालेल्या शिक्षकांच्या जुन्या खात्यांवर अशा कितीतरी फाइली अडकतात.

शुक्रवारी एक चाचणी करा. पेन ड्राइव्ह कोणत्याही दुसऱ्या लॅपटॉपला लावा, वायफाय बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉटही बंद, आणि दोन्ही प्रती सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. साइजकडेही नजर टाका. फोटो असलेल्या २८ स्लाइडची फाइल काही एमबीची असायला हवी. केबीमध्ये एक आकडी दिसली तर पुन्हा तीच चिठ्ठी आली समजा.

आणि पेन ड्राइव्हच घरी राहिला तर? शहाद्याहून वर निघण्याआधी मोबाइलवर थोडंफार नेट असतंच. अशा वेळी पूर्ण एडिटर उघडायची वाट बघू नका, तो कमी नेटवर फिरतच राहतो. फाइलच्या लिंकमधला `/edit` आणि त्यापुढचं सगळं काढून हे लिहा:

```
https://docs.google.com/presentation/d/FILE_ID/export/pptx
```

`FILE_ID` च्या जागी तुमच्या लिंकमधला क्रमांक. शेवटी `pptx` ऐवजी `pdf` लिहिलं तर पीडीएफ उतरते. ज्या खात्याला फाइल बघायची परवानगी आहे त्याने लॉगिन असायला हवं. ही लिंक चौघांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजच टाकून ठेवा.

परिषदेत कोणी आकडा दुरुस्त करायला सांगितला आणि तुम्ही तो तिथल्या `.pptx` मध्ये बदललात, तर तो बदल मूळ फाइलमध्ये आपोआप जाणार नाही. ती फाइल ड्राइव्हवर चढवली तरी तिसरीच एक वेगळी फाइल तयार होते, आणि मग चौघं तीन फाइलींत काम करत बसतात. घरी आल्यावर मूळ सादरीकरण उघडा, `File > Import slides` मधून ती `.pptx` निवडा, बदललेली स्लाइड तेवढीच घ्या, `Keep original theme` ची टिक काढा म्हणजे ती मूळ फाइलच्या रूपात बसेल, आणि जुनी स्लाइड काढून टाका. मग तिघांना पुन्हा संपादक करा.