लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस धावू नका

“पुण्यात १० किलोमीटर तासाभरात आरामात धावते. शनिवारी विमानाने लेहला पोचतेय, पुढच्या रविवारी हाफ मॅरेथॉन. पहिल्या दिवसापासून सराव चालेल ना?”

नको. शनिवार-रविवार बूट पिशवीतच राहू द्या. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर मग श्वास आणि नाडी वाढवतं. लघवीही जास्त होते, हवा कोरडी असते आणि पहिल्या काही दिवसांत रक्तातलं पाणी घटतं. नेमक्या याच दिवसांत उत्साही मंडळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला जातात!

सोमवारी सपाटीवर अर्धा तास चाला. डोकं दुखत नसेल तर मंगळवारी वीस मिनिटं, दोन मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं असं. बुधवारी आराम. गुरुवारी सलग अर्धा तास धावा, शुक्रवारी दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करा, शनिवारी काही नाही.

वेग घड्याळावर ठरवू नका. धावताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. तुमचा सहा मिनिटांचा किलोमीटर तिथे सव्वासात मिनिटांचा झाला तरी मेहनत तेवढीच असते. पुण्यात सव्वादोन तास लागत असतील, तर लेहला अडीचच्या पुढचीच वेळ धरा. पहिले पाच किलोमीटर पुण्याच्या वेगाने गेलेली माणसं पंधराव्यानंतर चालताना दिसतात.

“लेहमध्ये तिसरी रात्र. श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते, डोकंही दुखतंय. उद्या धावू?”

झोपेत श्वास थांबत-थांबत चालणं उंचीवर नेहमीचं आहे. डोकेदुखीचं तसं नाही. ती असेपर्यंत धावणं बंद आणि आणखी वर जाणंही बंद, म्हणजे खारदुंगलाची सहल रद्द. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून बघा. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा. तिथे प्राणवायू देतील, खाली उतरवायची व्यवस्थाही करतील.

“न्यू जर्सीहून काल पुण्यात आलो. पहाटे तीनला टक्क जाग येते. तेव्हाच धावून घेऊ का?”

उन्हाळ्यात पुण्याचे पहाटे तीन म्हणजे तिकडचे संध्याकाळचे साडेपाच. म्हणून ताजंतवानं वाटतं आणि वेग नकळत वाढतो. दिवा न लावता पडून राहा. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी पाचला अर्धा तास हळू धावा, तेव्हा तुमच्या शरीराची सकाळच असते आणि तो उजेड घड्याळ पुढे सरकवतो. ते दिवसाला साधारण तासभरच सरकतं, म्हणून वेगाचा सराव आठवड्यानंतर. मात्र प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर धावू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.