रोज अर्धा तास अक्षर गिरवतो, दर रविवारी फोटो काढतो, पण फोटोंत फरकच दिसत नाही. सुधारणा होतेय की नाही हे कळणार कसं?

आधी फोटो एकमेकांशी ताडून बघण्यासारखे आहेत का ते पाहा. दर आठवड्याला मजकूर वेगळा, पेन वेगळं, एकदा दिव्याखाली आणि एकदा खिडकीपाशी, असं असेल तर फरक अक्षराचा की फोटोचा हे सांगताच येत नाही. मोबाइल जरा तिरका धरला तरी काने कललेले दिसतात. म्हणून कागद टेबलावर सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वरून आणि थोडा उंच धरा. कागदाच्या चारही कडा चौकटीत सरळ दिसल्या तरच फोटो ठेवा.

मजकूर कायम एकच ठेवा. मी हे वाक्य वापरतो: ‘माश्यांमुळे झाडाखालच्या घोड्याने किती वेळ शेपूट हलवली?’ यात काना, मात्रा, दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, अनुस्वार, जोडाक्षर सगळं येतं. ते सरावाआधी, कोऱ्या कागदावर, नेहमीच्या वेगाने तीनदा लिहा आणि घड्याळ लावून वेळ कोपऱ्यात टिपा. सावकाश लिहिलं की कुणाचंही अक्षर बरं येतं, त्यामुळे वेळ टिपलेली नसेल तर तो फोटो तुम्हाला फसवेल.

आता मुख्य गोष्ट. ‘अक्षर सुंदर झालं का?’ असं बघू नका, एका वेळी एकच खूण तपासा. मी कान्यांपासून सुरुवात केली. फोटोवर मोबाइलमध्येच प्रत्येक कान्यावरून लाल रेघ ओढली. ओळीच्या सुरुवातीला रेघा उभ्या होत्या, शेवटाकडे त्या उजवीकडे झुकत गेल्या होत्या आणि शिरोरेषाही खाली उतरली होती. नुसत्या डोळ्यांनी मला फक्त ‘अक्षर गचाळ’ एवढंच दिसायचं. खरं कारण कोपर होतं. मी ते टेबलावर एका जागी रोवून लिहायचो. उजव्या हाताने लिहिताना कोपर हललं नाही की हात त्याभोवती फिरतो, आणि ओळ पुढे जाईल तशी प्रत्येक उभी रेघ थोडी अधिक कलते. मग ओळीच्या मध्यावर कागद डावीकडे सरकवायचा, एवढाच सराव केला. पुढच्या फोटोंमधल्या लाल रेघा हळूहळू समांतर होत गेल्या. तेव्हा वेलांट्या मात्र होत्या तशाच वेड्यावाकड्या होत्या. त्यांची पाळी नंतर आली.

लागोपाठच्या दोन रविवारांची तुलना फारशी करू नका. हात दुखत असेल किंवा झोप झाली नसेल, तर एखादा आठवडा मागे गेल्यासारखाच दिसतो. पहिला फोटो पाचव्याशेजारी ठेवून बघा. त्यातही तीनपैकी सगळ्यात वाईट उतरलेली ओळ निवडा. सर्वात चांगली ओळ कधी कधी नुसती जमून जाते, पण वाईट ओळ सुधारली असेल तर वळण खरंच हातात बसलंय.