पहिला पर्याय की दुसरा? विधान-कारण प्रश्नांतला गोंधळ

“रक्ताभिसरणाच्या नोट्स पाठ आहेत, पण विधान-कारण प्रश्न आला की पहिल्या दोन पर्यायांत अडकते. विधानही बरोबर, कारणही बरोबर. मग ते योग्य स्पष्टीकरण आहे की नाही, हे ठरवायचं कसं?”

अकरावीतल्या या मुलीने त्याच प्रकरणावर स्वतः बारा प्रश्न तयार केले होते. ते तपासले तर नऊ प्रश्नांचं उत्तर पहिलाच पर्याय: दोन्ही बरोबर आणि कारण हेच विधानाचं योग्य स्पष्टीकरण. दोष तिच्या पाठांतराचा नव्हता. नोट्समधलं ‘म्हणून’ असलेलं वाक्य उचलायचं आणि मधोमध तोडायचं, एवढंच ती करत होती. अशा प्रश्नांत दुसरा पर्याय कधी येतच नाही, मग तो ओळखायचा सराव कुठून होणार?

तिला एकच विधान घ्यायला सांगितलं: ‘डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयापेक्षा जाड असते.’ याला तीन वेगवेगळी कारणं जोडायची.

पहिलं: डाव्या निलयाला रक्त जास्त दाबाने सगळ्या शरीरात पाठवावं लागतं. हे खरं आहे आणि जाडीचा उलगडाही करतं. उत्तर पहिला पर्याय.

दुसरं: डाव्या निलयात ऑक्सिजनयुक्त रक्त असतं. हेही खरं, आणि ती नेमकी इथेच फसायची. इथे एक प्रश्न विचारायचा: हेच कारण आणखी कुठे लागू पडतं, आणि तिथेही विधानात सांगितलेलं घडतं का? डाव्या अलिंदातही ऑक्सिजनयुक्त रक्तच असतं, पण त्याची भिंत पातळ असते. म्हणजे जाडीचा रक्तातल्या ऑक्सिजनशी संबंध नाही. उत्तर दुसरा पर्याय: दोन्ही बरोबर, पण कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण नाही.

तिसरं: डावा निलय दर ठोक्याला उजव्यापेक्षा जास्त रक्त ढकलतो. वाचायला अगदी पटतं, पण चूक आहे. दोन्ही निलय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलीटरच रक्त ढकलतात. डावा सतत जास्त ढकलत राहिला, तर उजव्या बाजूकडून फुप्फुसांमार्गे त्याला तेवढं रक्त परत मिळणारच नाही. फरक दाबाचा आहे, प्रमाणाचा नाही. उत्तर तिसरा पर्याय: विधान बरोबर, कारण चूक.

चौथा पर्याय म्हणजे विधान चूक, कारण बरोबर. त्यासाठी मात्र विधान बदलावं लागलं. तिने बरोबर वाक्यात नुसता ‘नाही’ घातला होता. असा प्रश्न वाचताक्षणी सुटतो. त्यापेक्षा नियमाचा अपवाद शोधावा. ‘फुप्फुस धमनीतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहतं’ हे विधान चूक; ‘धमन्या हृदयाकडून रक्त दूर नेतात’ हे कारण बरोबर.

एका प्रकरणातून अशी दोन-तीन विधानं मिळाली तरी आठ-दहा प्रश्न होतात. उत्तराशेजारी पर्यायाच्या आकड्यासोबत ‘डावं अलिंद पातळ’ यासारखा दोन-तीन शब्दांचा पुरावा लिहायचा. तिच्या एका प्रश्नाला मात्र असा पुरावा सापडेना: ‘भिंत जाड असते, कारण तिच्यात स्नायू जास्त असतात.’ यात विधानच वेगळ्या शब्दांत परत आलं आहे. पहिला आणि दुसरा, दोन्ही पर्यायांच्या बाजूने वाद घालता येतो, म्हणून तो प्रश्न खोडून टाकला.