घरगुती गणपतीच्या मखर-संचाची जाहिरात: मापं आणि तारखा

प्रश्न: "सजावटीच्या सामानाचं दुकान आहे. घरगुती गणपतीसाठी संच आणि आगाऊ नोंदणीचा मजकूर लिहायचाय. काय काय लिहू?"

पहिल्या ओळीत मूर्तीची उंची लिहा, मखराचं नाव नंतर. गिऱ्हाईकाला "आमची मूर्ती १ फुटाची" एवढंच माहीत असतं, त्यामुळे संचही उंचीनुसारच बांधा.

मखराची मापं आतून घेतलेली द्या. फसगत होते ती इथेच. १२ इंची मूर्ती २ इंची पाटावर ठेवली की मुकुट १४ इंचांवर जातो. वर हार-फुलं घालायला हात शिरायला हवा, शिवाय मूर्ती आत ठेवताना थोडी उचलावी लागते. म्हणून आतली उंची निदान १८ इंच हवी, २० असेल तर उत्तम. बाहेरून २० इंच लिहिलेल्या मखरात वरच्या पट्टीचे आणि तळाचे ३ इंच गेले, तर आत १७च उरतात. ते कळतं प्रतिष्ठापनेच्या सकाळी.

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तेव्हा मखर कशाचं आहे ते स्पष्ट लिहा. पुठ्ठ्याचं असेल तर "ओल्या भिंतीला टेकवू नका" हेही लिहा; पावसाळी हवेत पुठ्ठा खालच्या कडेपासून मऊ पडतो आणि मखर पुढे झुकतं. दुहेरी चिकटपट्टीही चुन्याच्या भिंतीवर टिकत नाही, रंगाच्या पापुद्र्यासकट सुटून येते. त्यापेक्षा संचात सुतळी आणि हुक द्या. दुर्वा, फुलं मात्र संचात घेऊ नका, ती त्याच दिवशीची हवीत.

तारखा उलट मोजा. २०२६ ची चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, अधिक महिन्यामुळे पुढे गेली. जुना मजकूर उचललात तर सगळ्याच तारखा चुकतील. बहुतेक घरं शनिवार-रविवारी, १२-१३ तारखेला मखर उभं करतील. सामान ६ तारखेपर्यंत पोहोचलं, तर तुटलेला भाग बदलून द्यायला आठवडा मिळतो. तयारीला दोन आठवडे धरले तर नोंदणी २३ ऑगस्टला बंद करा. मूर्ती अजून ठरली नसली तरी लोकांना नोंदणी करू द्या, फक्त उंची कळवायची मुदतही छापा.

मजकूर असा होईल:

"१२ इंची मूर्तीसाठी घडीचं मखर. आतून उंची २०, रुंदी १८, खोली १५ इंच. सोबत मागचा पडदा, २ तोरणं, ५ मीटर दिव्यांची माळ, सुतळी, ४ हुक. माळेची वायर प्लगपर्यंत दीड मीटर. समई-निरांजन पडद्यापासून लांब ठेवा. नोंदणी २३ ऑगस्टपर्यंत, मूर्तीची उंची कळवायची शेवटची तारीखही तीच. सामान ६ सप्टेंबरपर्यंत घरपोच. तुटफूट ८ तारखेपर्यंत फोटोसह कळवल्यास भाग बदलून मिळेल."

खाली संचातल्या प्रत्येक वस्तूची सुटी किंमत द्या. गेल्या वर्षीची माळ घरात असते, ती वगळून संच किती पडेल हे हमखास विचारतात.